अनुवादाची वही तपासताना मार्क नेमके कशाचे कापायचे?

अनुवादाचा पेपर तपासायला घेतला की पहिल्यांदा तपासणाऱ्या माणसाचं काय होतं, तर तो लाल पेन घेऊन बसतो आणि जिथे जिथे स्वतःच्या मनातलं वाक्य दिसत नाही तिथे तिथे गोल करत सुटतो, शेवटी वही लालेलाल होते आणि खाली दहापैकी पाच असं काहीतरी मधलं लिहून विषय संपतो. आता तो पाच कुठून आला हे ना विद्यार्थ्याला कळत ना तपासणाऱ्याला सांगता येत. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावं, की अर्थ बरोबर आलाय का, भाषेचा सूर प्रसंगाला शोभतोय का, आणि हे मराठी मराठीसारखं वाटतंय का, हे तीन प्रश्न वेगवेगळे कसे ठेवायचे आणि कुठल्या चुकीला किती मार्क जातात.

उदाहरण मुद्दाम हिंदीतून मराठीत घेतलंय. इंग्रजीतून करताना पोरं सावध असतात, हिंदी म्हटलं की सैल पडतात, कारण लिपी तीच, निम्मे शब्द तेच, वाटतं काय त्यात करायचंय. आणि बँका, रेल्वे, पोस्ट, विमा कंपन्या अशा ठिकाणी हे काम खरोखर लागतं. तर खालचा मजकूर, हा कुठल्या बँकेचा नाही, वर्गासाठी मीच तयार केलेला आहे:

"प्रिय ग्राहक, आपके खाते में केवाईसी अद्यतन न होने के कारण लेन-देन पर रोक लगाई जा सकती है। आपसे आग्रह है कि ३१ मार्च तक मूल दस्तावेज़ों के साथ अपनी शाखा में पधारें। मात्र छायाप्रति पर्याप्त नहीं होगी। यदि आपको कोई आपत्ति हो तो शाखा प्रबंधक से संपर्क करें, आपकी समस्या का समाधान सात कार्य दिवसों के भीतर किया जाएगा। दूसरे और चौथे शनिवार को अवकाश रहेगा। असुविधा के लिए हमें खेद है।"

सोबत सूचना एवढीच दिलेली: तालुक्याच्या गावातल्या शाखेत भिंतीवर लावायची नोटीस आहे. ही सूचना महत्त्वाची, तिच्यावर पुढे येतो.

एका विद्यार्थ्याने केलेला अनुवाद, त्याला 'अ' म्हणू:

"प्रिय ग्राहक, आपल्या खात्यामध्ये केवायसी अद्यतन नसण्याच्या कारणाने देवाणघेवाणीवर बंदी लावली जाऊ शकते. आपल्याला आग्रह आहे की ३१ मार्चपर्यंत मूळ दस्तऐवजांसोबत आपल्या शाखेत पधारावे. मात्र छायाप्रत पुरेशी होणार नाही. जर आपल्याला काही आपत्ती असेल तर शाखा प्रबंधकाशी संपर्क करा, आपल्या समस्येचे समाधान सात कार्य दिवसांच्या आत केले जाईल. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी अवकाश राहील. असुविधेसाठी आम्हाला खेद आहे."

दुसरीचा, तिला 'ब' म्हणू:

"प्रिय ग्राहक, आपल्या खात्याचे केवायसी अद्ययावत नसल्यामुळे खात्यावरील व्यवहार थांबवले जातील. तरी आपणांस विनंती आहे की ३१ मार्चपर्यंत मूळ कागदपत्रे घेऊन आपल्या शाखेत यावे. नुसत्या झेरॉक्स चालणार नाहीत. काही हरकत असल्यास शाखा व्यवस्थापकांशी संपर्क साधावा, आपल्या अडचणीचे सात दिवसांत निराकरण केले जाईल. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

वाचताक्षणी 'ब' बाजी मारून जाते ना? दहातल्या नऊ जणांना तसंच वाटेल, आणि तिथेच तपासणी फसते.

तर पहिलं काम, मूळ हिंदी बाजूला ठेवायचं, कागद उलटा करून ठेवला तरी चालेल, आणि फक्त मराठी वाचायचं. याचं कारण साधं आहे. आपल्याला हिंदी येतं. एकदा हिंदी वाक्य डोक्यात बसलं की वाईट मराठी वाक्यसुद्धा आपल्याला कळायला लागतं, कारण आपण ते मराठीतून समजून घेतच नसतो, हिंदीतून घेत असतो. "आपत्ती असेल तर" हे हिंदी वाचून झाल्यावर वाचलं तर मेंदू आपोआप 'हरकत' असं धरतो आणि पुढे जातो. पण नोटीस वाचणाऱ्या आजोबांसमोर हिंदी मजकूर नसतो. त्यांना वाटणार की पूर, आग असलं काही संकट आलं तर मॅनेजरला भेटायचं. या पहिल्या वाचनात मार्क कापायचे नाहीत, फक्त जिथे अडखळलो तिथे पेन्सिलने बारीक रेघ मारायची आणि पुढे जायचं. 'अ'च्या कागदावर अशा दहाबारा रेघा पडतात. 'ब'च्या कागदावर एक, तीही झेरॉक्सपाशी.

दुसऱ्या वाचनात हिंदी शेजारी घ्यायचं आणि आता वाक्यावाक्याने जायचं, पण यावेळी भाषा बघायचीच नाही. बघायचं काय, तर आकडे, तारखा, 'नाही', 'फक्त', 'जर', 'शकतं', आणि कोण कोणाला काय करतंय. अर्थाच्या मोठ्या चुका बहुतेक या छोट्या छोट्या शब्दांतच असतात, भारी शब्दांत नसतात, कारण भारी शब्द अडला की विद्यार्थी शब्दकोश उघडतो आणि छोटा शब्द त्याला येतोय असं वाटत असतं.

या नजरेने 'ब' बघा. हिंदीत आहे "रोक लगाई जा सकती है", म्हणजे व्यवहार थांबू शकतात, शक्यता आहे. तिने लिहिलंय "थांबवले जातील". झालं, शक्यतेची धमकी झाली. पुढे "सात कार्य दिवसों" आहे, तिने लिहिलंय "सात दिवसांत". मराठी एकदम गोड, कुठेही अडत नाही, पण कामकाजाचे सात दिवस म्हणजे मधे रविवार येणार, त्यात दुसरा शनिवार आला तर नऊ दिवस होतात. आठव्या दिवशी एखादा गृहस्थ नोटिशीचा फोटो घेऊन काउंटरवर उभा राहिला तर बँक काय सांगणार? आणि तिसरं, शनिवारच्या सुट्टीचं अख्खं वाक्यच गायब आहे. गाळलेलं वाक्य नुसतं मराठी वाचून कधीच सापडत नाही, कारण जे नाही ते अडखळवत नाही. त्यासाठी मी मुळातल्या वाक्यांना आकडे घालतो आणि अनुवादातही तेच आकडे घालत जातो, पाचवा आकडा टाकायला जागा मिळाली नाही की समजलं. कंटाळवाणं काम आहे पण याला शॉर्टकट नाही.

आता 'अ'कडे या. "मात्र छायाप्रत पुरेशी होणार नाही" हे वाक्य मला फार आवडतं, म्हणजे चूक म्हणून आवडतं. हिंदीतलं 'मात्र' म्हणजे 'फक्त'. मराठीत वाक्याच्या सुरुवातीला आलेलं 'मात्र' म्हणजे 'पण'. त्यामुळे मराठी वाक्य व्याकरणात बसतं, अर्थही लागतो, आणि वरवर बघता तोच अर्थ आहे असंही वाटतं. पण हिंदीत म्हटलंय नुसत्या छायाप्रतीवर भागणार नाही, म्हणजे छायाप्रतही आणली तर हरकत नाही, मूळ कागद मात्र हवेतच. मराठी वाचून माणूस समजणार की छायाप्रतीचा काही उपयोगच नाही, आणि ती घरी ठेवून येणार, मग काउंटरवर विचारलं की आधारची एक प्रत द्या, की परत झेरॉक्सच्या दुकानात पळापळ. म्हणून ही अर्थाची चूक, आणि बऱ्यापैकी जड.

'आपत्ती' तर आपण वर बघितलंच. पण बघा, 'समाधान' हाही त्याच कुळातला शब्द आहे. मराठीत समाधान म्हणजे मनाची तृप्ती, "जेवून समाधान झालं". हिंदीत ते उत्तर, तोडगा. नियमाने दोन्हीला सारखे मार्क कापायला हवेत असं वाटेल, पण मी तसं करत नाही. "समस्येचे समाधान" असं लिहिलेलं इतक्या ठिकाणी दिसतं आता, की वाचणारा बरोब्बर तोच अर्थ घेतो, त्याची फसगत होत नाही. ऐकायला बरं नाही वाटत एवढंच. म्हणजे शब्द त्याच जातीचा असला तरी एक चूक अर्थाच्या खात्यात जाते आणि दुसरी नैसर्गिकपणाच्या खात्यात, आणि वजनही वेगळं पडतं. शब्दकोश उघडून हे ठरत नाही, वाचणारा पुढे काय करेल याचा विचार करून ठरतं. जुन्या वळणाच्या परीक्षकांना हे पटत नाही, ते दोन्हीला सारखाच दणका देतात, मला वाटतं तो विद्यार्थ्यावर अन्याय आहे.

आता सूर. 'आग्रह' बघा, हिंदीत "आपसे आग्रह है" ही नम्र विनंती आहे. मराठीत आग्रह लग्नाच्या पंगतीत होतो, जिलेबी वाढताना. वाचणाऱ्याला कळतं की बँक बोलावतेय, मग अर्थ गेला असं म्हणता येत नाही, पण विनवणारी बँक अचानक मागे लागणारी झाली. 'पधारावे' तर नाटकातल्या राजवाड्यातलं वाटतं, किंवा उशिरा आलेल्या मित्राला आपण टोमण्यात म्हणतो ना, या, पधारा. आणि 'अ'ने सुरुवात 'पधारावे'ने केली आणि दोन ओळींत 'संपर्क करा'वर आला. नोटिशीत 'यावे, साधावा' घ्या किंवा 'या, साधा' घ्या, दोन्ही चालतात, पण मधेच गिअर बदलला की वाचणाऱ्याला खटकतं, त्याला कारण सांगता येणार नाही कदाचित. अजून एक बारीक गोष्ट, 'प्रबंधकाशी' असं एकवचनात आहे. 'ब'ने 'व्यवस्थापकांशी' लिहिलं, त्या एका अनुस्वारात आदर आहे. शुद्धलेखनाची चूक म्हणून हे बघू नका, इथे टिंब गेलं की मान गेला.

आणि झेरॉक्स? इथे ती सुरुवातीची सूचना कामाला येते. भिंतीवरची अधिकृत नोटीस आहे, तिथे "छायांकित प्रत" किंवा "छायाप्रत" शोभते, म्हणून 'ब'चा एक मार्क कापायचा. पण समजा सूचनेत असं असतं की हाच मजकूर शाखेतला शिपाई रांगेतल्या लोकांना तोंडी सांगणार आहे, तर 'झेरॉक्स'च बरोबर आणि 'छायांकित प्रत'चा मार्क गेला असता. त्यामुळे ज्या पेपरात हे कोणासाठी आहे, कुठे लागणार आहे ते सांगितलेलंच नाही, तिथे सुराचे मार्क कापायचा परीक्षकाला हक्क नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आपण प्रश्न अर्धवट विचारायचा आणि उत्तर पूर्ण मागायचं हे बरं नाही.

तिसरं खातं नैसर्गिकपणाचं. हे सगळ्यात निसरडं, कारण इथे परीक्षकाची स्वतःची आवड घुसते. 'देवाणघेवाणीवर बंदी' चुकलं यात वाद नाही, मराठीत विचारांची देवाणघेवाण होते, खात्यावर व्यवहार होतात. 'संपर्क करा' ऐवजी मराठीत संपर्क साधतात. 'असुविधेसाठी खेद' हे सरळ हिंदी आहे, मराठीत गैरसोयीबद्दल दिलगिरी असते. 'नसण्याच्या कारणाने' म्हणजे 'न होने के कारण'ची जशीच्या तशी नक्कल, मराठीला 'नसल्यामुळे' एवढं पुरतं. इथपर्यंत ठीक. पण समजा कोणी "विनंती आहे" ऐवजी "विनंती करण्यात येत आहे" लिहिलं तर? मला स्वतःला ते लांबलचक वाटतं, पण तशा नोटिसा रोज लागतात, लोक वाचतात. तिथे मी स्वतःला एकच विचारतो, यामुळे वाचणाऱ्याचं काय बिघडलं ते एका वाक्यात सांगता येईल का? 'मी असं लिहिलं नसतं' एवढंच उत्तर येत असेल तर पेन खाली. लाल गोल सुद्धा नाही, कारण विद्यार्थी गोल बघून शिकतो की हे चूक आहे.

अजून एक गुंता आहे, महाराष्ट्रातलं मराठी स्वतःच हिंदीकडे सरकतंय. "माझी मदत कर", "मी त्याला बोललो की उद्या ये" हे पोरं घरी पण असंच बोलतात, त्यांना ते अनुवादातलं वाटतच नाही. खरं तर मराठीत मदत कोणाला तरी करतात, आणि एखाद्याला 'बोललो' म्हणजे त्याला झापलं. बोलीभाषेतल्या संवादाचा अनुवाद असेल आणि पात्र मुंबईतलं कॉलेजचं पोरगं असेल तर मी हे सोडून देतो, नोटिशीत सोडत नाही.

आता मार्क. अमेरिकन ट्रान्सलेटर्स असोसिएशनच्या प्रमाणपत्र परीक्षेत एक पद्धत आहे, प्रत्येक चुकीला १, २, ४, ८ किंवा १६ गुण लावतात, म्हणजे दुप्पट दुप्पट वाढत जातात, आणि साधारण अडीचशे शब्दांच्या उताऱ्याला १८ किंवा जास्त झाले की नापास. आपला उतारा त्यापेक्षा खूप लहान आहे म्हणून ती पासची रेघ इथे लावायची नाही, पण दुपटीची कल्पना उचलण्यासारखी आहे. ती असली की परीक्षकाला ठरवावं लागतं, ही चूक त्या चुकीच्या दुप्पट वाईट आहे का? नाहीतर अर्धा अर्धा मार्क सगळीकडे कापला जातो. मी वर्गात आठपर्यंतच जातो. खटकलं पण अर्थ लागला तर १, वाचणारा थांबून परत वाचेल तर २, चुकीचं समजेल तर ४, आणि चुकीचं समजून पैसे, मुदत, हक्क असं काही गमावेल किंवा नोटीस लावणारा अडकेल तर ८. एक चूक एकाच खात्यात लिहायची, 'आपत्ती'चे अर्थात पण कापले आणि नैसर्गिकपणात पण कापले असं करायचं नाही. तोच शब्द परत आला तर परत कापायचं नाही.

'अ'चा हिशोब: अर्थात 'मात्र' ४, 'आपत्ती' ४, 'अवकाश' २ (मराठीत अवकाश म्हणजे वेळ किंवा जागा, पण शनिवार दिसल्यावर दोनदा वाचून सुट्टी हे कळतं), असे १०. सुरात 'आग्रह' २, 'पधारावे'पासून 'करा'पर्यंतची धरसोड १, 'प्रबंधकाशी'तला गेलेला मान १, असे ४. नैसर्गिकपणात 'देवाणघेवाण' २, आणि 'नसण्याच्या कारणाने', 'बंदी लावली', 'प्रबंधक' हा शब्द, 'संपर्क करा', 'समाधान', 'कार्य दिवस', 'असुविधेसाठी' प्रत्येकी १, असे ९. एकूण २३.

('प्रबंधक' दोनदा आलाय असं वाटेल, पण एक मार्क शब्दाचा आहे, मराठी बँकेत व्यवस्थापक असतो म्हणून, आणि दुसरा एकवचनाचा. दोन वेगळ्या चुका एका शब्दात बसल्यात.)

'ब'चा हिशोब: 'थांबवले जातील' ४, 'सात दिवसांत' ८, गाळलेला शनिवार ४, असे अर्थात १६. सुरात झेरॉक्सचा १. नैसर्गिकपणात शून्य. एकूण १७.

बेरीज बघितली तर 'ब' पुढे आहे. पण खाती उघडून बघितली की चित्र उलटं होतं. 'अ'चे निम्म्याहून जास्त मार्क अशा चुकांचे आहेत ज्या कोणताही बरा मराठी मुद्रितशोधक हिंदी न बघता पकडेल, आणि उरलेल्यांतली 'आपत्ती'सुद्धा त्याला खटकेल. 'ब'च्या तिन्ही जड चुका त्याला दिसणारच नाहीत, नोटीस तशीच छापून भिंतीवर जाईल. म्हणून माझ्याकडे एक वेगळी अट आहे, अर्थाच्या खात्यात आठची एकही चूक असेल तर बाकी कितीही सुंदर असो, पेपर पास नाही. 'ब'सारख्या मुलींना हे फार लागतं, कारण त्यांना आयुष्यभर मराठी छान आहे असं सगळ्यांनी सांगितलेलं असतं, आणि ते खरंही असतं. त्या अमेरिकन परीक्षेत खास चांगल्या जागांसाठी जास्तीत जास्त तीन गुण माफ होतात, तसं मीही "नुसत्या", "हरकत असल्यास" अशा जागांसाठी एखादा मार्क परत देतो, पण तो आठची चूक पुसायला वापरता येत नाही.

वहीवर काय लिहायचं तेही सांगतो. बरोबर शब्द लिहून द्यायचा मोह होतो, देऊ नका. 'अ'च्या 'आपत्ती'शेजारी मी 'हरकत' लिहीत नाही, "हे वाचून आजोबांना काय वाटेल?" असं लिहितो आणि कागद परत देतो, सोबत सांगतो की हिंदी मजकूर माझ्याकडे राहू दे, दोन दिवसांनी नुसतं स्वतःचं मराठी मोठ्याने वाच आणि जिथे जीभ अडेल तिथे बदल. आणि 'ब'ला मराठीला हातच लावायला सांगत नाही. तिला फक्त हिंदी मजकूर मिळतो, त्यातले आकडे, तारखा, वार आणि 'सकती है' असले शब्द अधोरेखित करायचे, मग एकेक करून आपल्या अनुवादात शोधून दाखवायचे, सापडला नाही की तिथे रेघ. चूक कुठे आहे ते मी आधी सांगत नाही, किती आहेत तेवढंच सांगतो.